लिअरमधला ग्लॉस्टर कापला तर?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. आमचा हौशी ग्रुप शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'चं अभिवाचन बसवतोय. माणसं सात, वेळ दीड तास, मध्यंतर नाही. पूर्ण नाटक तीन तासांच्या आत उरकत नाही, म्हणजे निम्म्यावर कात्री आलीच. पहिल्याच बैठकीत सगळ्यांची नजर ग्लॉस्टरवर गेली.

वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: म्हातारा राजा लिअर तीन मुलींना विचारतो, कुणाचं माझ्यावर किती प्रेम? थोरल्या दोघी, गॉनेरिल आणि रीगन, गोडगोड बोलून राज्य घेतात. धाकटी कॉर्डेलिया खरं बोलते आणि हाकलली जाते. पुढे थोरल्या दोघी बापाला वादळात बाहेर काढतात. याच्या शेजारी दुसरी गोष्ट चालू असते. ग्लॉस्टर नावाचा सरदार, त्याचा औरस मुलगा एडगर आणि अनौरस एडमंड. एडमंड खोटं पत्र दाखवून बापाच्या मनात एडगरबद्दल विष कालवतो. म्हातारा खोट्या मुलावर विश्वास ठेवतो, खऱ्याला देशोधडीला लावतो आणि शेवटी डोळे गमावतो.

थोडक्यात तीच गोष्ट दोनदा. आमच्या सेक्रेटरींचं म्हणणं, एकच धडा दोनदा कशाला? मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही ते बैठकीत धड सांगता आलं नाही. ग्लॉस्टर काढला तर नेमकं काय जातं?

खवचट_काका

दोन टाळ्या जातात. एक डोळे काढताना, दुसरी डोळे काढून झाल्यावर.

प्राजक्ता_म

आताच्या मालिकांमध्ये हेच तर चाललेलं असतं. मेन ट्रॅकमध्ये सासू-सून, साइड ट्रॅकमध्ये नणंदेचं लफडं. मेन हिरोइन सुट्टीवर गेली की पंधरा दिवस नणंदच दिसते. शेक्सपिअरचंही तसंच असणार. लिअर करणाऱ्या नटाला दम खायला वेळ नको का?

विंगेतला

प्राजक्ता, तुमचं निम्मं बरोबर आहे. तिसऱ्या अंकात लिअरला झोपवून डोव्हरकडे नेतात, तो थेट चौथ्या अंकाच्या उत्तरार्धात पुन्हा दिसतो. वादळात बोंबलून घसा गेलेल्या नटाला ही सवड लागतेच. पण त्या सवडीत रंगमंचावर काय चालतं ते बघा: ग्लॉस्टरचे डोळे काढतात. लिअरच्या डोक्याचं जे झालंय, ते इथे शरीरावर होताना दिसतं. एक म्हातारा वेडा होऊन शहाणा होतो, दुसरा आंधळा झाल्यावर बघायला लागतो.

तिसरी_घंटा, दोन गोष्टी एकमेकींचा आरसा कशा ठरतात, ते नंतर बोलू. आधी व्यवहाराचं विचारतो. ग्लॉस्टरचं कुटुंब काढलं तर कॉर्डेलियाला मारणार कोण?

तिला फाशी देण्याचा हुकूम एडमंडचा. गॉनेरिल रीगनला विष घालते ती एडमंडवरून. गॉनेरिलचं एडमंडला लिहिलेलं पत्र एडगरच्या हाती लागतं, तो ते तिच्या नवऱ्याला देतो आणि तिचं बिंग फुटतं. म्हणजे शेवटच्या अंकातले सगळे खिळे दुसऱ्या घरातून आलेत. दोन्ही गोष्टी पहिले दोन अंक शेजारून चालतात. तिसऱ्या अंकात ग्लॉस्टर लिअरला लपूनछपून मदत करतो, त्याची शिक्षा म्हणून डोळे जातात आणि तिथे गाठ पक्की बसते.

सदाशिव_पेठी

'तीच गोष्ट दोनदा' हे योगायोगाने झालेलं नाही हेही सेक्रेटरींना सांगा. लिअरची गोष्ट आधीपासून रंगभूमीवर होती. १६०५ साली छापलेलं 'किंग लीअर' हे जुनं निनावी नाटक आहे. त्यात ग्लॉस्टर नाही आणि शेवट गोड आहे. ग्लॉस्टरची गोष्ट फिलिप सिडनीच्या 'आर्केडिया'तून उचललेली. त्यात पॅफ्लगोनियाचा आंधळा राजा असतो, अनौरस मुलाने फसवलेला, आणि चांगला मुलगा त्याला हाताला धरून नेत असतो. दोन वेगवेगळ्या पुस्तकांतल्या गोष्टी शेक्सपिअरने मुद्दाम शेजारी आणून बसवल्या. जे त्याने कष्टाने आत घातलं ते तुम्ही पहिल्या बैठकीत बाहेर काढताय.

पमाताई_ठाणे

या धाग्यावर हे लिहावं की नाही कळत नाही, पण आमच्या नात्यात अगदी हेच झालंय. थोरल्या दिरांनी फ्लॅटचं बक्षीसपत्र मुलांच्या नावे करून दिलं आणि वर्षाच्या आत त्यांना गावी पाठवलं. कुणी असं करत असेल तर आधी नीट चौकशी करा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि सांभाळ केला नाही, तर व्यवहार रद्द होऊ शकतो. पण अट दस्तात लिहिलेली असावी, नाहीतर पुढे फार त्रास होतो.

खवचट_काका

पमाताई, लिअरने अट घातली होती हो! शंभर सरदार सोबत ठेवीन आणि महिनाभर हिच्याकडे, महिनाभर तिच्याकडे राहीन. दस्त नोंदवायचा राहिला. मग थोरली म्हणाली पन्नास पुरेत, मधली म्हणाली पंचवीस, आणि शेवटी एकाचीही काय गरज? ट्रिब्युनल असतं तर नाटक पहिल्या अंकात संपलं असतं आणि या ग्रुपचा कात्रीचा प्रश्नच सुटला असता.

अनुराधा_प

पमाताई, वाईट वाटलं वाचून. गावी कुणी आहे ना त्यांच्याजवळ?

विषयावर: मला हे आरसा प्रकरण जरा प्राध्यापकी वाटतं. मी हे नाटक दोनदा पाहिलंय, दोन्ही वेळा शेजारच्यांनी विचारलं, 'एडगर कुठला आणि एडमंड कुठला?' वाचनात तर चेहरेपट्टी, कपडे काहीच नाही. प्रेक्षक नावांतच अडकला तर आरशात बघणार कधी? विशाखापट्टणमच्या एसटीत बसून विदर्भ शोधल्यासारखं होईल. आणि 'नटसम्राट'मध्ये कुठे आहे ग्लॉस्टर? बेलवलकरांचं काही अडलं का?

मिलिंद_फलटण

+१ अनुराधा. शिरवाडकरांनी १९७० मध्ये लिअरचा सांगाडा घेतला आणि ग्लॉस्टर मूळ गावीच ठेवला. मुलगा, मुलगी, बायको, नोकर, बस्स. पन्नास वर्षं लोक रडतायत.

विंगेतला

'नटसम्राट'चं उदाहरण चांगलं आहे, पण तिथे आरसा नाही असं म्हणवत नाही. बेलवलकर मुळात नट आहेत. त्यांच्या जुन्या भूमिकांतली स्वगतं नाटकभर येत राहतात. आयुष्यभर ज्या राजांची दुःखं उसनी घेऊन टाळ्या मिळवल्या, ती आता घरात घडतायत. दुसऱ्या कुटुंबाचं काम त्या भूमिका करतात. शिवाय ते कौटुंबिक नाटक आहे, एका घराची दारं बंद केली तरी चालतं. लिअरमध्ये मुद्दा असा आहे की हे एका घरापुरतं नाही. राजवाड्यात जे चाललंय तेच सरदाराच्या वाड्यातही चाललंय. एकच बाप चुकला तर तो त्या बापाचा स्वभाव. दोन बाप एकाच आठवड्यात त्याच रीतीने चुकले की प्रेक्षक जगाकडे संशयाने बघायला लागतो.

आता नावांचा गोंधळ. पहिल्या अंकाचा दुसरा प्रवेश काढून वाचा, आरसा समजावून सांगावा लागत नाही. आधीच्या प्रवेशात लिअर कॉर्डेलियाला विचारतो, बहिणींपेक्षा मोठा वाटा मिळवायला तू काय बोलशील? ती म्हणते, 'काही नाही, महाराज.' काही नाहीतून काहीच निघणार नाही म्हणून तो भडकतो. थोड्याच वेळाने दुसऱ्या घरात ग्लॉस्टर एडमंडला विचारतो, कसला कागद वाचत होतास? एडमंड म्हणतो, 'काही नाही, महाराज.' इंग्रजीत दोघांचं उत्तर अक्षरन् अक्षर एकच आहे. कॉर्डेलियाचं 'काही नाही' खरं आहे आणि बाप ते धुडकावतो. एडमंडचं ठरवून केलेलं खोटं आहे, कागद घाईने खिशात कोंबताना बापाला दिसावा अशी त्याने व्यवस्था केलीय, आणि बाप त्याला फसतो. वर ग्लॉस्टर ऐटीत म्हणतो, काही नसेलच तर मला चष्मा लागणार नाही. पुढे त्याचं काय होणार हे माहीत असलेल्याच्या अंगावर काटा येतो.

तुमच्या भाषांतरात या दोन्ही जागी उत्तर तंतोतंत सारखं आहे का, ते आधी तपासा. संपादन करताना कुणीतरी 'काही नाही' आणि 'कुठे काय' असं करून ठेवतं आणि आरसा तिथेच फुटतो.

तिसरी_घंटा

तपासलं. आमच्याकडे एका ठिकाणी 'काही नाही' आणि दुसऱ्या ठिकाणी 'काही विशेष नाही' आहे. आजच दुरुस्त करते.

सदाशिव_पेठी

उपकथानक म्हटलं की सगळे शेक्सपिअरकडे धावतात. आपल्याकडे नाट्यशास्त्राने पताका म्हणजे लांबवर चालणारं उपकथानक आणि प्रकरी म्हणजे छोटं, हे केव्हाचं सांगून ठेवलंय. 'मृच्छकटिक' घ्या. शर्विलक चारुदत्ताचं घर फोडतो ते मदनिकेला दासीपणातून सोडवण्यासाठी. म्हणजे चारुदत्त-वसंतसेनेच्या प्रेमाखाली एका चोराचं आणि दासीचं प्रेम, आणि चोरलेले दागिने वसंतसेनेचेच! आणि मदनिका मिळाल्या मिळाल्या शर्विलक तिला सोडून मित्राला, आर्यकाला, सोडवायला धावतो. ग्लॉस्टर हा पताकेचाच प्रकार.

अनुराधा_प

मृच्छकटिकाचं उदाहरण आवडलं. पण पताकेतला माणूस नायकाच्या कामाला येतो ना? सुग्रीव रामाला मदत करतो आणि त्याचं स्वतःचंही काम होतं. ग्लॉस्टर मदत करायला गेला आणि दोघांचंही वाटोळं झालं. हे त्या खणात बसत नाही.

सदाशिव_पेठी

शोकांतिकेतली पताका म्हणा.

खवचट_काका

अर्ध्यावर उतरवलेली.

निशिगंध

वाचनमात्र होते, आता राहवलं नाही. झोपडीतल्या प्रवेशाबद्दल कुणीच कसं बोललं नाही?

एडगर जीव वाचवण्यासाठी वेड्या भिकाऱ्याचं, टॉमचं सोंग घेऊन झोपडीत लपलाय. वादळात लिअर तिथे येतो. अंगावर धड चिंध्याही नसलेला हा माणूस बघून लिअरचा पहिला प्रश्न काय, तर 'तूही सगळं मुलींना देऊन टाकलंस का?' लिअरचा इमानी सरदार केंट सांगतो, महाराज, याला मुली नाहीत. लिअर ऐकतच नाही. मुलींशिवाय माणसाची अशी दशा होईलच कशी!

मला हा प्रवेश फार भयंकर वाटतो आणि थोडा विनोदीही. आरसा समोर आहे, पण लिअर त्यात फक्त स्वतःला बघतोय. टॉमला बापाने टाकलंय, मुलांनी नाही. गोष्ट बरोबर उलटी आहे. म्हणजे लिअर बघतोय ते त्याने कॉर्डेलियाचं जे केलं त्याचं चित्र. त्याला ते कळत नाही, प्रेक्षकाला कळतं. ग्लॉस्टरचं घर कापलं तर टॉम हा फक्त एक वेडा भिकारी उरतो आणि हे सगळं जातं.

मिलिंद_फलटण

निशिगंध, मस्त. पण मग एडगर म्हणजे दुसरी कॉर्डेलिया असं सगळे मानतात ते मला जमत नाही. कॉर्डेलिया परत येते, बाप गुडघे टेकायला लागतो तर ती त्याला टेकू देत नाही, क्षणात माफ करते. एडगर मात्र आंधळ्या बापाला हाताला धरून फिरवतो आणि ओळखच देत नाही. उलट डोव्हरच्या कड्यावर आणल्याचं खोटं सांगून सपाट जमिनीवर उडी मारायला लावतो आणि वर म्हणतो, देवाने वाचवलं तुला. हे कसलं पुत्रप्रेम? मला तर तो बापावर सूड उगवतोय असं वाटतं.

निशिगंध

सूड नाही वाटत मला. आत्महत्या टळावी म्हणून करतो, तसं तो स्वतः म्हणतोही. पण ओळख न देणं ही चूक होती असंही तोच शेवटी कबूल करतो. का दिली नाही, याचं उत्तर नाटक देत नाही.

विंगेतला

मिलिंद, तुमची शंका अगदी मुळाला हात घालते. दोन्ही गोष्टी सारख्या असत्या तर सेक्रेटरींचं म्हणणं बरोबर ठरलं असतं, एक कापा. जिथे त्या जुळत नाहीत तिथेच या नाटकाची खरी गंमत आहे, आणि ती शेवटच्या प्रवेशात दिसते. तो प्रवेश सावकाश सांगतो, कारण कात्री तिथेच लागणार.

एडमंड लिअर आणि कॉर्डेलियाला कैदेत पाठवतो आणि मागोमाग एका कप्तानाच्या हाती गुप्त चिठ्ठी देतो. म्हणजे घड्याळ सुरू झालं. मग एडगर चिलखतात येतो, द्वंद्वात एडमंडला पाडतो आणि ओळख देतो. इथे तो म्हणतो, देव न्यायी आहेत, बापाने ज्या पापातून तुला जन्म दिला त्याचीच किंमत डोळ्यांनी मोजली. ग्लॉस्टरच्या घराचा हिशेब लागला, खलनायक मरतोय, चांगला मुलगा जिंकला. मग गॉनेरिलचा नवरा ऑल्बनी विचारतो, इतके दिवस कुठे होतास? आणि एडगर सगळी कहाणी सांगायला बसतो. बापाला कसं सांभाळलं, आज निघताना ओळख कशी दिली, आनंद आणि दुःख दोन्ही न झेपून त्याचं काळीज कसं फुटलं आणि तो हसत कसा गेला. सुंदर भाषण आहे. मरायला टेकलेला एडमंडसुद्धा म्हणतो, तुझ्या बोलण्याने मी हललोय, कदाचित यातून काही भलं होईल, पण तू बोल, पुढे बोल.

तिथे तो चिठ्ठीबद्दल बोलू शकला असता. बोलत नाही, गोष्ट ऐकतो. मग रक्ताळलेली सुरी घेऊन माणूस येतो, दोघी बहिणींची प्रेतं येतात, केंट येऊन राजा कुठे आहे विचारतो, तेव्हा ऑल्बनीला आठवण होते, अरे, मोठी गोष्ट विसरलोच आपण! धावाधाव होते. ऑल्बनी म्हणतो, देव तिचं रक्षण करोत. आणि त्याच क्षणी लिअर मेलेल्या कॉर्डेलियाला हातावर घेऊन आत येतो.

म्हणजे दुसऱ्या घराची गोष्ट ऐकण्यात जो वेळ गेला, त्या वेळात पहिल्या घराची मुलगी फासावर गेली. ग्लॉस्टरच्या घरात 'देव न्यायी आहेत' हे वाक्य कसंबसं टिकलं. ते तोंडातून निघून काही मिनिटं होतात न होतात तोच लिअरच्या घराने ते खोटं पाडलं. ग्लॉस्टर हसत मरतो हे आधी ऐकलेलं असतं म्हणून लिअरचं मरण इतकं उघडंवाघडं वाटतं. हा दिलासा आधी दाखवून मग हिसकावून घ्यायचा असेल, तर तो दाखवायला दुसरं घर लागतंच.

सदाशिव_पेठी

याला पुरावा हवा तर नाहूम टेट हा नाटककार बघा. त्याने १६८१ मध्ये नाटक 'सुधारलं'. एडगर आणि कॉर्डेलियाचं प्रेम जुळवलं, शेवटी लग्न लावलं, लिअर जिवंत, ग्लॉस्टर जिवंत, लिअरचा विदूषक हद्दपार. शेक्सपिअरमध्ये एडगर आणि कॉर्डेलिया एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत, हे लक्षात घ्या. दोन समांतर रेषा टेटला बघवल्या नाहीत, त्याने त्यांची सोयरीक केली. इंग्लंडच्या रंगभूमीवर दीडशे वर्षं हेच लिअर चाललं.

प्राजक्ता_म

बघा, मालिकावाला शेवटी टेटच!

तिसरी_घंटा

खूप आभार सगळ्यांचे. विंगेतला, शेवटचा प्रवेश काल आम्ही मोठ्याने वाचून पाहिला. एडगरचं ते भाषण आम्ही आधीच लाल पेनने खोडलं होतं, 'काय झालं ते प्रेक्षकांना माहीतच आहे' म्हणून. परत घातलं. वाचताना एकजण मध्येच म्हणाला, 'अरे कॉर्डेलियाचं काय?' आणि सगळे गप्प.

ग्लॉस्टर राहतोय. पण दीड तासाचं गणित अजून बसत नाही. काय कापू?

विंगेतला

माझं मत सांगतो. लढाई, फ्रान्सच्या फौजेच्या बातम्या, केंट आणि गॉनेरिलचा कारभारी ऑस्वल्ड यांची भांडणं, ऑल्बनी आणि रीगनचा नवरा कॉर्नवॉल यांच्या कुरबुरी यांवर निर्दयपणे चालवा. ग्लॉस्टरच्या घरातले चार तुकडे हात न लावता ठेवा: कागदाचा प्रवेश, झोपडी, डोळे, आणि डोव्हरला दोघे म्हातारे भेटतात तो. त्या भेटीत रानफुलांचा मुकुट घातलेला लिअर आंधळ्या ग्लॉस्टरला आधी नको नको ते बोलतो, आणि मग एकदम म्हणतो, माझ्यासाठी रडायचं असेल तर माझे डोळे घे, मी ओळखतो तुला, तू ग्लॉस्टर. त्या क्षणी दोन्ही गोष्टी समोरासमोर उभ्या राहतात. या चारांच्या जोडीला शेवटच्या प्रवेशातलं एडगरचं भाषण धरा, तेही थोडं छाटून. १६०८ च्या क्वार्टो प्रतीत ते लांब आहे, १६२३ च्या फोलिओत आखूड, तेव्हा छाटायला खुद्द जुन्या प्रतीचा आधार आहे.

सात माणसांत कॉर्डेलिया आणि विदूषक एकीलाच द्या. दोघं रंगमंचावर कधी एकत्र येत नाहीत.

अनुराधा_प

मी अजूनही म्हणेन, ऐकणाऱ्याला दोन घरं झेपणार नाहीत. कुरोसावाने १९८५ सालच्या 'रान' या जपानी सिनेमात ग्लॉस्टरचं घर सरळ काढलंच की. मुली काढून मुलगे केले. डोळे काढलेला त्सुरुमारू आहे, पण त्याचे डोळे म्हाताऱ्या राजानेच पूर्वी काढलेले. आणि एडमंडचं कारस्थान काएदेबाईकडे दिलं, जिचं माहेर याच राजाने बुडवलं. आरसाही राहिला आणि पात्रंही कमी झाली. तसं काही करा ना.

निशिगंध

अनुराधा, पण त्यात अर्थ फिरतो. तिथे राजा स्वतःच्या जुन्या पापांना भेटतो. लिअरमध्ये ग्लॉस्टरच्या डोळ्यांना लिअर जबाबदार नाही. दुसऱ्याचं दुःख आपल्यासारखं आहे, पण आपल्यामुळे नाही, यात मला जास्त भीती वाटते. आणि कुरोसावाच्या हातात घोडदळ होतं, यांच्याकडे सात खुर्च्या आणि दोन माइक.

अनुराधा_प

असेल. मला 'रान'चा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो. निदान एडगर-एडमंड यांचे आवाज तरी अगदी वेगळे घ्या, एकाला बाईचा आवाज दिला तरी चालेल.

तिसरी_घंटा

एडमंड बाईने वाचायची कल्पना आमच्या गटातल्या एकीला भयंकर आवडलीय. एक शेवटचा प्रश्न: डोळे काढल्यावर दोन नोकर ग्लॉस्टरच्या जखमेला अंड्याचा पांढरा बलक आणि जवसाच्या धाग्यांचा बोळा लावायचं बोलतात, ते ठेवू का? दहा ओळीही नाहीत, पण दोन जादा आवाज लागतात.

विंगेतला

हे फक्त क्वार्टोत आहे, फोलिओत नाही. दिग्दर्शक पीटर ब्रूकने १९६२ च्या प्रयोगात ते काढलं होतं, कारण त्याला प्रेक्षकाला दिलासा द्यायचा नव्हता. मी असतो तर ठेवलं असतं.

मिलिंद_फलटण

मी काढलं असतं.

खवचट_काका

अंडी मी आणतो, तुम्ही ठरवा.